फोनची वही आणि महिन्याच्या बारा पोस्ट

आमचा वॉशिंग मशीन दुरुस्तीचा धंदा. नवरा आणि दीर टूलकिट घेऊन घरोघरी जातात, फोन मी घेते. दुकान नाही, त्यामुळे पाटीही नाही. एकाने दुसऱ्याला नंबर दिला की काम येतं. मध्यंतरी दोन महिने फोन कमी झाले, तेव्हा दिराने विषय काढला. "वहिनी, इन्स्टाग्रामवर रोज एक व्हिडिओ टाकू. खर्च शून्य." खर्च शून्य हे अगदी खरं होतं, कारण खर्चायला काही नव्हतंच. 'रोज एक' म्हणजे किती, हे मात्र आमच्यापैकी कोणीच मोजलं नव्हतं.

मी उत्साहाने तीस चौकटींचा तक्ता आखला. सोमवारी टिप, मंगळवारी सुविचार, बुधवारी ग्राहकाचा अभिप्राय, गुरुवारी 'तुम्हाला माहीत आहे का'. एका बैठकीत सगळा महिना भरला आणि तक्ता फ्रिजला चिकटवला. सहाव्या दिवशी तो बंद पडला. रात्री दहा वाजता मी सुविचार शोधत बसले होते आणि शेजारी नवरा विचारत होता, "याचा आणि मशीनचा काय संबंध?" उत्तर नव्हतं. चौकटी भरलेल्या होत्या, पण त्यात टाकायला कामावरून काहीच येत नव्हतं. दोघं दिवसाला चार-पाच मशीन उघडून घरी येत आणि फोनमध्ये एकही फोटो नसे.

तक्ता काढून टाकला आणि फोनची वही घेऊन बसले. आलेला प्रत्येक फोन मी एका वहीत लिहिते. तारीख, नाव, पत्ता, आणि माणूस जे पहिलं वाक्य बोलतो ते जसंच्या तसं. ही सवय कामापुरती होती. 'मशीन नाचतंय' असं लिहिलेलं असलं की कामावर जाणाऱ्याला निघतानाच अंदाज येतो. त्या वहीची मागच्या दोन महिन्यांची पानं मी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली आणि सारख्या वाक्यांपुढे सारखी खूण करत गेले.

नव्वदच्या आसपास फोन होते आणि खुणा जेमतेम आठ प्रकारच्या निघाल्या. सगळ्यात जास्त वेळा 'पाणी जात नाही'. मग 'पिळताना खूप आवाज करतं', 'मशीन जागेवरून सरकतं', 'कपड्यांना वास येतो', 'पाणी भरायला फार वेळ लागतो'. हे झाले मशीनचे. उरलेले प्रश्न मशीनचे नव्हतेच, आमचे होते. घरी येऊनच करता की मशीन घेऊन जाता? बघायचे किती घेता? आमच्या भागात येता का? या तीन प्रश्नांना मी दिवसातून कितीतरी वेळा तीच तीन उत्तरं देत होते. म्हणजे महिन्याभराचे विषय लोकांनी आधीच सांगून ठेवले होते, आणि तेही ज्या शब्दांत ते विचारतात त्या शब्दांत. आमच्या पहिल्या तक्त्यात 'ड्रेन पंपाची निगा' असा एक विषय होता. अख्ख्या वहीत 'ड्रेन पंप' हा शब्द एकाही ग्राहकाच्या तोंडी नव्हता.

मग किती पोस्ट, हे ठरवायला आम्ही उलटीकडून गेलो. एक तीस सेकंदांच्या आतला व्हिडिओ पूर्ण करायला मला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. तुकडे निवडणं, जोडणं, आवाज देणं, अक्षरं टाकणं मिळून सव्वा तास. फोटोंची पोस्ट वीस मिनिटांत होते. रविवारी दुपारचे तीन तास माझे मोकळे. त्यात दोन व्हिडिओ आणि एक फोटोंची पोस्ट बसते. म्हणजे आठवड्याला तीन आणि महिन्याला बारा. दीर जरा हिरमुसला, पण जी गोष्ट आठवड्याच्या एका बसण्यात उरकत नाही ती आमच्या घरात होणार नाही हे त्यालाही पटलं.

वारही वहीनेच दिले. नवे फोन जास्त करून शनिवारी सकाळी आणि सोमवारी येत होते. लोक सुट्टीला कपडे साठवतात, मशीन लावतात आणि तेव्हाच ते अडतं. म्हणून तक्रारीचा व्हिडिओ शुक्रवारी संध्याकाळी. दुसरा व्हिडिओ मंगळवारी, ज्यात आमच्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर. मधे बुधवारी किंवा गुरुवारी कामाचे फोटो. हा दिवस मी मुद्दाम सैल ठेवला, कारण फोटो कामावर काय सापडेल यावर अवलंबून असतात आणि ते आधी ठरवता येत नाही. रविवारी तयार झालेलं सगळं इन्स्टाग्राममध्येच तारीख-वेळ लावून ठेवता येतं. अकाउंट प्रोफेशनल केलेलं असलं की झालं, वेगळं अ‍ॅप लागत नाही.

खरा अडथळा शूटिंगचा होता. आमच्याकडे बऱ्या कॅमेऱ्याचा एकच फोन, आणि तो नवऱ्याकडे. त्याचं म्हणणं रास्त होतं. हात ओले, अंगावर पंपाचं पाणी, समोर घरची बाई उभी, आणि मी व्हिडिओ काढू? पहिल्या आठवड्यात त्याने काढलेल्या क्लिप तीन-तीन मिनिटांच्या होत्या, फोन हातात धरून, हलत्या. अशा एका क्लिपमधून पाच सेकंद शोधायला मला अर्धा तास जाई.

मग मी त्याला एकच नियम दिला. प्रत्येक कामावर तीन क्लिप, प्रत्येकी दहा सेकंद, फोन उभा आणि टूलकिटला टेकवलेला. पहिली मशीन उघडण्याआधीची, ज्यात तक्रार दिसते किंवा ऐकू येते. दुसरी हातांची, ज्यात बिघाड सापडतो. तिसरी काम झाल्यावर मशीन चालताना. चेहरा नको, बोलणं नको. काढायच्या आधी लेन्स शर्टाला पुसायची. हा शेवटचा नियम हास्यास्पद वाटेल, पण खिशातल्या फोनच्या लेन्सवर कायम तेलकट थर असतो आणि आमचे पहिले सगळे व्हिडिओ धुक्यात काढल्यासारखे होते. तीन क्लिपना मिळून मिनिटभर जातो, त्यामुळे त्याची तक्रार राहिली नाही. रोज तीन कामांवर हे झालं तरी आठवड्याला पन्नासेक क्लिप जमतात आणि मला लागतात पंधरा.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. काही घरांतल्या क्लिपमध्ये चित्रावर काळसर पट्टे वरखाली सरकत होते. फोन बिघडला असं वाटलं. पण पट्टे फक्त एलईडी ट्यूबखाली काढलेल्या क्लिपमध्ये होते, खिडकीजवळच्या एकाही क्लिपमध्ये नव्हते. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकू शकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला ३० चित्रं काढणाऱ्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी मेळ बसत नाही. फोनमध्ये २५ चित्रांचा पर्याय असेल तर तो निवडल्यावर पट्टे बहुतेक जातात. आमच्या फोनमध्ये तो होता. नसता तर ट्यूब बंद करून खिडकी उघडली असती, तेही चालतं.

आता एक व्हिडिओ सुरुवातीपासून सांगते, कारण बाकीचे त्याच साच्यातून निघाले. विषय अर्थातच 'पाणी जात नाही'. समोरून दार असलेल्या बऱ्याच मशीनना खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. पाणी न जाण्याच्या आमच्या निम्म्या कामांत दोष एवढाच निघतो की त्या फिल्टरमध्ये नाणं, बटण, केसाची पिन किंवा लहान मुलाचा मोजा अडकलेला असतो.

यावरून घरात वाद झाला. नवरा म्हणाला, "हे लोकांनी घरीच केलं तर आपल्याला कोण बोलवणार?" मी त्याला वहीच दाखवली. त्या कामांपुढे त्यानेच रागाने लिहून ठेवलं होतं, 'दहा मिनिटांचं काम, दीड तास गेला'. अशा कामाला जाण्यायेण्यातच वेळ जातो आणि तेवढ्यात एखादं मोठं काम हातचं जातं. शिवाय झाकण कुठे असतं हे ज्यांना दाखवावं लागतं, त्यातले बरेच जण ते बघूनही स्वतः करत नाहीत. तो पूर्ण पटला नाही, पण 'एकदा करून बघू' म्हणाला. आम्ही एक रेषा मात्र आखली. झाकण आणि फिल्टर दाखवायचा, मशीनची मागची बाजू किंवा वायरिंग उघडताना कधीच दाखवायचं नाही. बघून कोणी हात घातला आणि झटका बसला तर तो आपल्या माथी.

व्हिडिओ असा होता. पहिले तीन सेकंद दाराच्या काचेतून साचलेलं पाणी आणि वर अक्षरं, 'मशीनमध्ये पाणी तसंच राहतंय?' मग प्लग काढणारा हात. मग झाकण उघडून बाजूची बारीक नळी पसरट भांड्यात सोडलेली. अक्षरं, 'पाणी गरम असेल तर आधी थांबा'. मग फिल्टर फिरवून बाहेर, आणि तळहातावर दोन नाणी आणि एक बटण. मग टॉर्चच्या उजेडात आतला छोटा पंखा, लाकडी काडीने हलवून फिरतो का ते बघताना. मग फिल्टर घट्ट बसवून मशीन सुरू, पाणी जाताना. शेवटी दिराचा चेहरा, तीन सेकंद, "तरीही पाणी जात नसेल तर पंप बघावा लागेल. आम्ही घरी येऊन बघतो." एकूण २८ सेकंद.

ही लांबी ठरवण्यामागे एक साधं कारण होतं. गुगलवरच्या आमच्या बिझनेस प्रोफाइलवर व्हिडिओ ३० सेकंदांपर्यंतचाच चालतो. इन्स्टाग्राम, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस यांना त्याहून लांबही चालतो. मी सगळ्यात आखूड माप धरलं, म्हणजे एकच फाइल चारही ठिकाणी जाते. फाइल मात्र एडिटिंग अ‍ॅपमधून स्वच्छ काढून ठेवायची, एका ठिकाणी टाकलेली तिथून उतरवून दुसरीकडे टाकायची नाही. तसं केलं की पहिल्या अ‍ॅपचा छाप व्हिडिओवर राहतो आणि असे व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांना कमी दाखवतं. अक्षरं नेहमी चौकटीच्या मधल्या भागात. खाली नाव, मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. माझा पहिला फोन नंबर नेमका त्या बटणांखाली गेला होता आणि दोन दिवस मला ते दिसलंही नव्हतं.

आवाज मी नंतर दिला, कपाटाचं दार उघडून कपड्यांत तोंड घालून. खोलीत बोललं की आवाज घुमतो, कपड्यांत घुमत नाही. दीर दारात उभा राहून हसत होता.

या व्हिडिओची पहिली आवृत्ती वेगळी होती हेही सांगायला हवं. सुरुवातीला पाच सेकंद आमचं नाव आणि 'नमस्कार, आज आपण पाहणार आहोत'. इन्स्टाग्राम रीलखाली एक आलेख दाखवतं, कितव्या सेकंदाला किती लोक उरले त्याचा. आमची रेषा तिसऱ्या सेकंदापर्यंतच जिन्यावरून पडावी तशी खाली आली होती. मशीनमधलं पाणी दिसायच्या आतच बहुतेक लोक निघून गेले होते. तीच क्लिप नमस्कार कापून, पाण्यापासून सुरू करून पुन्हा टाकली. रेषा तेव्हाही उतरली, पण सावकाश. आमचं नाव शेवटी गेलं ते तेव्हापासून.

दुसऱ्या आठवड्यात एक चूक झाली, आणि ती माझी. एका बाईंच्या घरचे काम झाल्यावरचे फोटो टाकले. त्यांना विचारलं होतं, त्या 'हो' म्हणाल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. दाराच्या गोल काचेत त्यांचं प्रतिबिंब होतं, घरच्या कपड्यांतलं, आणि मागे दारावरची नावाची पाटी उलटी पण वाचता येईल अशी. त्यांनी परवानगी मशीनच्या फोटोची दिली होती, स्वतःच्या नव्हे. पाच मिनिटांत फोटो पेजवरून हटवले आणि माफी मागितली. त्या समंजस होत्या म्हणून एवढ्यावर भागलं.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. काम ठरतानाच मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवते, 'मशीनचे आणि आमच्या हातांचे फोटो-व्हिडिओ काढून आमच्या पेजवर टाकले तर चालेल का? घर, माणसं, नाव काही दिसणार नाही. नको असेल तर फक्त नाही म्हणा.' लेखी 'हो' आलं तरच क्लिप. दुसरं, रविवारी प्रत्येक चित्र मोठं करून काच आणि स्टीलचे भाग तपासायचे, कारण वॉशिंग मशीन म्हणजे जवळजवळ आरसाच. तिसरं, त्याच आठवड्यातलं काम त्याच आठवड्यात टाकायचं नाही. शेजाऱ्यांनी काल आमच्या दोघांना त्या घरात जाताना पाहिलेलं असतं, आज फोटो टाकला तर पाटी झाकूनही काय उपयोग?

संगीताचा घोळ त्याच सुमारास. अकाउंट बिझनेस प्रकारचं केल्यावर चालू गाणी दिसेनाशी झाली. तिथे मोजकं, धंद्यासाठी वापरायला मोकळं असलेलं संगीतच मिळतं. दिराने एडिटिंग अ‍ॅपमधून एक लोकप्रिय गाणं आधीच चिकटवून टाकलं, तर तो व्हिडिओ एका ठिकाणी मुका झाला. मी म्हटलं, गाणं राहू दे, मशीनचाच आवाज ठेवू.

हे मी कंटाळून म्हटलं होतं. पण महिन्यातला सगळ्यात कामाचा व्हिडिओ त्यातूनच निघाला. ड्रमचं बेअरिंग गेलं की पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. नवऱ्याने नियमाप्रमाणे पहिली क्लिप काढली होती, दहा सेकंद तो आवाज. दुसरी, मशीन बंद असताना रिकामा ड्रम हाताने फिरवताना होणारी खरखर. तिसरी, बेअरिंग बदलल्यावर तेच मशीन तेवढ्याच वेगात, जवळजवळ शांत. मी तिन्ही नुसत्या जोडल्या आणि वर लिहिलं, 'तुमचं मशीन असं ओरडतं का?' माझा आवाज नाही, सूचना नाही. फिल्टर दाखवायला डोळे लागतात, पण आवाज माणूस आपल्या घरच्या मशीनशी ताडून बघतो. स्वयंपाकघरात उभं राहून फोन ऐकणाऱ्यालाही तो कळतो.

आता हिशेब. वहीत मी एक नवा रकाना आखला होता, 'कुठून कळलं'. पहिल्या आठवड्यात तो निरुपयोगी ठरला, कारण सगळे 'नेटवर बघितलं' म्हणत. प्रश्न बदलला. "काय बघितलंत, व्हिडिओ की फोटो? कशाचा होता?" आता लोक सांगू लागले. "तो आवाजाचा." "ते नाण्याचं."

नाण्यांचा, म्हणजे फिल्टरचा व्हिडिओ आमच्या मानाने तुफान चालला. आमचे फॉलोअर दीडशे, आणि तो हजारो लोकांनी बघितला. घरात दोन दिवस आनंदीआनंद. मग इनसाइट्समध्ये गाव कोणतं ते बघितलं, तर बघणारे जवळजवळ सगळे आम्ही कधी जाणार नाही अशा शहरांतले. त्याच्यावरून नऊ फोन आले, त्यातले सात 'आमच्याकडे याल का' विचारणारे लांबचे. एका माणसाने कळवलं की त्याने स्वतः फिल्टर साफ केला आणि धन्यवाद. आनंद वाटला, पण रकान्यात काम एकच पडलं. बेअरिंगच्या आवाजाला चौथा हिस्साही प्रेक्षक नव्हते आणि त्यावरून चार कामं झाली. बेअरिंग हे घरी करण्यासारखं काम नाही, हेही त्यामागे असणार.

तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या चित्रात आम्ही ज्या भागात जातो त्या भागाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, आणि खालच्या मजकुराची पहिली ओळही तीच. त्याने प्रेक्षक घटले. लांबचा माणूस नाव वाचून पुढे सरकतो, आणि ते बरंच आहे.

स्टेटसचं कोडं सगळ्यात शेवटी सुटलं. माझ्याकडे तीनशेच्या वर जुन्या ग्राहकांचे नंबर साठवलेले. मला वाटलं, हे तर घरचेच प्रेक्षक. स्टेटस बघणारे पंधरा-वीस, त्यातले निम्मे नातेवाईक. दोन आठवडे मी वेळ बदलून बघितली, सकाळी टाकलं, रात्री टाकलं. फरक नाही. कारण असं की नेहमीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस दोघांकडे एकमेकांचा नंबर साठवलेला असला तरच दिसतं. मी त्यांचा साठवला होता, त्यांनी आमचा कशाला साठवावा? मशीन दुरुस्त झालं, विषय संपला.

म्हणून काम संपताना एक पायरी वाढवली. नवरा पावती देताना सांगतो, "दुरुस्तीची हमी आहे, काही झालं तर याच नंबरवर फोन करा, आत्ताच सेव्ह करून ठेवा." त्याच वेळी मी इकडून आमचा कॉन्टॅक्ट पाठवते, म्हणजे टाइप करावं लागत नाही. महिनाअखेरीस स्टेटस बघणारे साठच्या घरात गेले. इन्स्टाग्रामवर साठ म्हणजे काहीच नाही. इथे साठही घरं आमच्या भागातली, साठही जणांकडे मशीन, आणि आमचं काम त्यांनी पाहिलेलं. 'घरी येऊन करता का' या प्रश्नावरचा साधा फोटो, ज्यावर इन्स्टाग्रामवर कोणी बोटही ठेवलं नाही, तो स्टेटसला पाहून तिघांनी आपल्या नातेवाइकांना आमचा नंबर दिला.

बारातल्या दहा पोस्ट झाल्या. राहिलेल्या दोन्ही मंगळवारच्या, आणि दोन्हींचं कारण एकच. त्यात दिराला कॅमेऱ्यासमोर सलग बोलायचं होतं आणि तो दर वेळी तिसऱ्या वाक्याला अडायचा. 'बघायचे किती घेता' या प्रश्नाचं उत्तर आम्ही शेवटी बोलून नव्हे, लिहून दिलं. पाच चित्रं, एकेका चित्रावर एकेक ओळ. कशाचे पैसे लागतात, कशाचे लागत नाहीत, काम करायचं नाही ठरलं तर काय. ती पोस्ट मी वर पिन केली आणि फोनवर कोणी विचारलं की तिचीच लिंक पाठवते. प्रेक्षक अगदी थोडे, पण दिवसाकाठी माझी वीस-पंचवीस मिनिटं वाचतात.

पुढच्या महिन्याच्या पानावर आठ ओळी वहीतून उतरवून झाल्यात. त्यातले पाच विषय मागचेच आहेत, नव्या क्लिपसह, कारण लोकांचे प्रश्नही तेच आहेत. सुविचाराला जागा ठेवलेली नाही. काल दुपारी दिराचा फोन आला, मागे काहीतरी खडखडत होतं. म्हणाला, "वहिनी, ऐका. आज एक वेगळाच आवाज मिळालाय. दादा उघडायला निघालाय, मी त्याला दहा सेकंद थांबवलंय."